वहाळ की बहाल

राजापुरात माझ्या मोडीच्या गुरुजींच्या ओटीवर बसून मी एका खरेदीखताची चतुःसीमा मोठ्याने वाचत होते. पूर्वेस पाणंद, दक्षिणेस अमुक याची वरकस, उत्तरेस गडगा, आणि पश्चिमेस बहाल. 'पश्चिमेला कोणाला तरी बहाल केलेली जमीन असावी,' असे स्पष्टीकरणही मी वर जोडले. गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "हा शब्द तू वाचलास, की ठरवलास?"

मी पुन्हा कागदाकडे पाहिले. पहिले अक्षर ब नव्हते, व होते. त्या कारकुनाच्या वळणात दोहोंतला फरक अगदी बारीक असला तरी तो होता. शेवटचे अक्षर तर स्वच्छ ळ होते आणि ते मला दिसलेच नव्हते, कारण माझ्यापुरता शब्द दुसऱ्या अक्षरावरच पुरा झाला होता. पश्चिमेस वहाळ, म्हणजे ओढा. कोकणात जमिनीच्या एका कडेने वहाळ असणे ही काय मोठी नवलाची गोष्ट नव्हे; लहानपणापासून मी वहाळ ओलांडतच शाळेत गेले आहे. तरीही कागदावर मला तो दिसला नाही.

त्या वेळी मला मोडी शिकायला लागून चौदा महिने झाले होते. मी रत्नागिरीत एका बँकेच्या शाखेत कर्जविभागात काम करते आणि पावसहून रोज एस.टी.ने जाऊन-येऊन असते. शाखेत येणाऱ्या लोकांच्या पिशवीत सात-बारा आणि फेरफार यांच्याखाली पुष्कळदा एखादा पिवळा पडलेला मोडी कागद असतो. आमच्या कामाला त्याची गरज नसते, पण 'मॅडम, यात काय लिहिलंय हो?' हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तर देता येत नाही याची मला चुटपुट लागून राहिली होती. म्हणून दहा दिवसांचा एक वर्ग केला. मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे झाली, हातात प्रमाणपत्र आले आणि त्यानंतर रोज रात्री जेवणे उरकल्यावर एक पान वाचायचे असा नेम मी धरला. नेम मी प्रामाणिकपणे पाळला होता, त्यामुळे 'पश्चिमेस बहाल' मला फार लागले.

मोडी कठीण का, हे ज्यांनी ती केवळ पाहिली आहे त्यांना थोडे सांगितले पाहिजे. लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेतो आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरे तिला टांगत जातो. दोन शब्दांमध्ये जागा नसते आणि विरामचिन्हे नसतात. ओळ जिथे संपेल तिथे शब्द तुटतो आणि उरलेला पुढच्या ओळीत जातो. वेलांटी एकच आणि उकार एकच, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. काना लागला की कित्येक अक्षरांचे रूपच पालटते, आणि र तर शेजारच्या अक्षराला असा बिलगतो की तो वेगळा काढून दाखवता येत नाही. त्यातून कागद खाजगी असेल तर लिहिणाऱ्याच्या घाईचीही भर पडते. म्हणजे मुळाक्षरांचा तक्ता पाठ असणे ही केवळ उंबरठ्याशी पोहोचल्याची खूण. पुढचे सगळे वाचन म्हणजे डोळ्यांना मिळालेल्या अर्ध्या पुराव्यावर मनाने बांधलेला अंदाज असतो, आणि असा अंदाज बांधल्याशिवाय मोडी वाचताच येत नाही.

घोटाळा इथेच होता. अंदाज बांधणे हेच कौशल्य होते आणि माझा आजारही तोच होता. रोज रात्री मी अभ्यासपुस्तकातले एक पान घेत असे, ज्याच्या समोरच्या पानावर देवनागरी लिप्यंतर छापलेले असे. अडले की नजर उजवीकडे जायची, शब्द कळायचा आणि परत डावीकडे आले की तो मोडीतही अगदी स्पष्ट दिसायचा. चौदा महिने मी हेच केले. वाचता येण्याचा सराव मी कधी केलाच नव्हता. उत्तर माहीत असताना प्रश्न सोपा वाटण्याचा सराव मात्र भरपूर झाला होता. शाखेत एखाद्या नव्या मुलाने ताळमेळ घालताना आधी शिल्लक पाहून मग जमा-नावे जुळवली असती, तर मी त्याला फैलावर घेतले असते.

अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनमधल्या एका संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांवर लिहिलेला निबंध पुढे फार गाजला. त्यातून लोकांनी 'दहा हजार तास' एवढेच उचलले, आणि ते आपल्या म्हणण्याचे विपरीत रूप आहे असे एरिक्सनला पुढे सांगावे लागले. त्याचा भर तासांवर नव्हता. त्याने नुसते वाजवणे आणि सहेतुक सराव यांत फरक केला होता. ज्यात नेमका कमकुवत भाग वेगळा काढलेला असतो, चूक झाल्याचे लगेच कळते आणि तोच भाग पुन्हा सुधारून केला जातो, तो सहेतुक सराव. आणि असा सराव थकवणारा असल्यामुळे उत्तम वादकसुद्धा तो दिवसभर करू शकत नाहीत, थोड्या थोड्या बैठकांत आणि मध्ये विश्रांती घेत करतात. माझ्या रात्रीच्या पानात यांतले काहीच नव्हते. ते पान म्हणजे घरी आवडीचे गाणे गुणगुणण्यासारखे होते, आणि गुणगुणून कोणाचा गळा तयार झाल्याचे ऐकिवात नाही.

राजापुरातून परतताना मी एस.टी.त बसून ठरवले की उत्तराचे पान बंद करायचे. पण नुसते बंद करून भागत नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळले. उत्तर न पाहता वाचले की मनातल्या मनात अंदाज घसरत पुढे जातो आणि नंतर उत्तर पाहिल्यावर 'हो, मला तसेच वाटले होते' असे मन खुशाल खोटे बोलते. म्हणून लिहून काढणे भाग होते. मी सहा ओळींचा तुकडा निवडू लागले, त्याहून जास्त नाही. वहीत एक ओळ सोडून एक ओळ याप्रमाणे त्याचे लिप्यंतर पेनने लिहायचे आणि ज्या अक्षराबद्दल शंका असेल त्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढायचे. अजिबात लागत नसेल तर तिथे अंदाज लिहायचा नाही, टिंबे द्यायची. सहा ओळी झाल्या की मगच छापील पान उघडायचे आणि अक्षर न् अक्षर ताडून चुका लाल शाईने रिकाम्या ओळीत लिहायच्या.

त्या चुकांचे पुढे काय करायचे, हे मला माझ्या धंद्याने शिकवले. दिवसाच्या चुका घडल्या त्या क्रमाने लिहायची वही ती कीर्द. रविवारी अर्धा तास बसून त्यांची खतावणी करायची, म्हणजे प्रत्येक चूक तिच्या खात्यावर न्यायची. खाती चारच ठेवली: अक्षर ओळखण्यात चूक, शब्द तोडण्यात चूक, शब्दच माहीत नसल्याने झालेली चूक, आणि संक्षेप न उलगडल्याची चूक. मोडीत 'दि॥' म्हणजे दिम्मत, 'नि॥' म्हणजे निसबत असे संक्षेप पावलोपावली येतात, म्हणून त्यांना स्वतंत्र खाते.

खतावणी दोन महिन्यांची झाली तेव्हा तिने मला चकित केले. माझी समजूत अशी होती की मला जुने फारसी-अरबी शब्द येत नाहीत म्हणून मी अडते. मशारनिल्हे, पैवस्ती, मोर्तब सूद असल्या शब्दांच्या याद्या मी मोठ्या निष्ठेने पाठ करत होते. प्रत्यक्षात त्या खात्यावर फारच थोडी रक्कम पडली होती. निम्म्याहून जास्त चुका पहिल्याच खात्यात होत्या, आणि त्यांतल्याही बहुतेक माणसांच्या आणि गावांच्या नावांत. कारण उघड आहे. 'अखंडित लक्ष्मी आलंकृत राजमान्य राजश्री' यातली निम्मी अक्षरे पुसली गेली तरी मी ते वाचणारच, कारण ते मला आधीच ठाऊक आहे. कोणा कुळाचे नाव किंवा एखाद्या वाडीचे नाव मात्र मागच्या-पुढच्या शब्दांवरून सांगता येत नाही. तिथे अंदाजाला टेकायला काहीच नसते आणि डोळ्यांना खरोखर किती दिसते ते उघडे पडते.

दुसरी गोष्ट वर्तुळांनी सांगितली. ज्या अक्षरांभोवती मी शंकेचे वर्तुळ काढले होते त्यांतली बरीच बरोबर निघत, आणि चुकलेल्यांतली बरीच अशी होती की तिथे मला शंका आलीच नव्हती. शंका येऊन चुकणे फारसे धोक्याचे नाही, कारण तिथे माणूस थांबतो, विचारतो. खात्रीने चुकणे हेच बहाल. म्हणून मी कीर्दीत अशा चुकांपुढे फुली मारू लागले, आणि आठवड्याचा सराव ठरवताना एकूण चुकांपेक्षा फुल्यांकडे पाहू लागले. माझ्या फुल्या व-ब आणि त-न या जोड्यांत आणि शेजारच्या अक्षराला चिकटलेल्या र मध्ये सर्वांत जास्त होत्या.

मग सोमवार ते गुरुवार सहा ओळींच्या जागी चार ओळी, आणि उरलेला वेळ नुसत्या नावांना, असा बदल केला. जुन्या खतांच्या शेवटी साक्षीदारांची नावे ओळीने असतात. तेवढाच भाग घ्यायचा, वरचा मजकूर कागदाने झाकून टाकायचा, आणि नावे एकेक अक्षर सुटे करून लिहायची. हा सराव अत्यंत कंटाळवाणा आहे, हे कबूल केले पाहिजे. कथा नाही, अर्थ नाही, पुढे काय होते याची उत्सुकता नाही. पण माझ्या चौदा महिन्यांच्या आनंददायक वाचनापेक्षा या कंटाळवाण्या सहा आठवड्यांनी डोळे जास्त तयार केले.

व आणि ब यांचा तिढा मात्र वाचून सुटला नाही; तो लिहून सुटला. गुरुजींनी बोरू करून दिला, त्याला तिरका काप कसा द्यायचा ते दाखवले, आणि म्हणाले, "बाय, कारकुनाचा हात कुठून निघाला ते कळल्याशिवाय तो कुठे गेला ते कळायचं नाही." देवनागरीत आपण अक्षरे घडवून मग डोक्यावर रेघ देतो, इथे रेघ आधी असते आणि हात तिच्यावरून उतरून परत तिच्याकडे चढतो. शुक्रवारची पहिली वीस मिनिटे मी कित्ता गिरवू लागले. आठवड्यात फुली पडलेले शब्दच गिरवायचे, अन्य काही नाही. हळूहळू अक्षराची आकृती दिसण्याऐवजी हाताची चाल दिसू लागली, आणि घाईत ती चाल कुठे तोकडी पडेल याचा अदमास येऊ लागला. शुक्रवारच्या उरलेल्या वीस मिनिटांत मागच्या महिन्यातल्या फुल्या, उत्तर झाकून, पुन्हा वाचायच्या. ज्या दोनदा बरोबर आल्या त्या खात्यातून वजा.

वेळेविषयीही काही सांगते, कारण नोकरी करणाऱ्याचे खरे अडते ते तिथे. रात्रीचा नेम मी सोडला तो आकड्यांनी पटवल्यामुळे. दोन आठवडे मी एकाच पुस्तकातले, एकाच लेखकाच्या हातचे तुकडे एक दिवस पहाटे आणि एक दिवस रात्री असे घेतले. रात्रीच्या ओळींत चुका सुमारे दीडपट होत्या, आणि फुल्या तर त्याहून जास्त. म्हणजे दमलेल्या डोळ्यांना शंकासुद्धा कमी येतात. तेव्हापासून पहाटे पाच दहा ते पाच पन्नास, ही चाळीस मिनिटे. त्याहून जास्त ताणून पाहिले, पण पस्तिसाव्या मिनिटानंतर माझी वर्तुळे कमी होऊ लागतात आणि ती चुका कमी झाल्याची खूण नसते. एस.टी.त पाऊण तास मिळतो, पण आमच्या रस्त्यावर मोडी वाचणे म्हणजे डोळ्यांशी वैर. तिथे मी फक्त तोंडपाठ करण्याचे काम ठेवले आहे. जुन्या कागदांतली अरबी कालगणना आकड्यांऐवजी शब्दांत लिहिलेली असते: सबा सबैन मया व अलफ, म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७७, त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७६ येते. सबा म्हणजे सात आणि सबैन म्हणजे सत्तर, समान म्हणजे आठ आणि समानीन म्हणजे ऐंशी. हे सगळे खिडकीबाहेर पाहत मनात घोकता येते.

बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, त्या दिवशी राजापूर. पहिल्या-तिसऱ्या शनिवारी काहीच नाही. आधी मी तेही दिवस भरण्याचा अट्टहास केला होता आणि दोन महिन्यांत सगळाच डोलारा खाली आला. मार्चअखेर, गणपती आणि शिमगा हे खाडे मी आता आधीच धरून चालते. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात केवळ शुक्रवारचा जुन्या फुल्यांचा तुकडा चालू ठेवते. आठवड्यात वीस मिनिटे एवढ्यावर नवीन काही येत नाही, पण असलेले बुडत नाही, हे तीन मार्च काढून पाहिले आहे.

या घडीने सहा-सात महिने चांगली चढण गेली. चाळीस मिनिटांत सहा ओळींच्या नऊ झाल्या, चुका निम्म्यावर आल्या. आणि मग ज्येष्ठात गाडी थांबली ती दिवाळीपर्यंत हललीच नाही. नऊ ओळी म्हणजे नऊ ओळी.

याच अनुभवावर एक फार जुना अभ्यास आहे, आणि तो तारयंत्रावरचा आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातील विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९७ आणि १८९९ साली तार शिकणाऱ्यांची प्रगती आठवड्याआठवड्याने मोजली. तार पाठवण्याचा वेग सरळ चढत गेला, पण तार ऐकून घेण्याचा वेग मध्येच कित्येक आठवडे सपाट राहिला आणि मग पुन्हा चढला. त्यांचे स्पष्टीकरण असे की ऐकणारा आधी अक्षरे ऐकतो, मग शब्द, मग वाक्प्रचारांचे तुकडेच्या तुकडे. आणि खालची पायरी आपोआप होईपर्यंत वरची पाय ठेवू देत नाही, त्या काळात बाहेरून काहीच हलताना दिसत नाही. पुढच्या संशोधकांनी या पठाराबद्दल शंका घेतल्या. असे पठार प्रत्येकाला लागतेच असे नाही, आणि शिकवण्याची रीत बदलली तर ते नाहीसेही होते, असे त्यांचे म्हणणे. मला ही शंकाच अधिक उपयोगी वाटली. पठार हा निसर्गनियम असेल तर वाट पाहत बसायचे. रीतीचा दोष असेल तर रीत तपासायची.

तपासल्यावर दिसले की मी एकेका अक्षरावर इतका भर दिला होता की आता सगळेच अक्षर-अक्षर करून वाचत होते, अगदी 'बहुत काय लिहिणे हे विनंती' हेसुद्धा. बहालची इतकी धास्ती बसली होती की जिथे अंदाज निर्धास्तपणे वापरायचा तिथेही मी त्याला दाराबाहेर उभा केला होता. म्हणून बुधवारचा दिवस वेगळा केला. त्या दिवशी ठरावीक साच्याचे भाग घ्यायचे: पत्राचा मायना, खताचा आरंभ, कबुलीची ओळ, शेवटची साक्ष, आणि ते घड्याळ लावून, एका नजरेत जितके येईल तितके उचलत, लिहून न काढता वाचायचे. सोमवारी-मंगळवारी नावे, तिथे अंदाजाला बंदी; बुधवारी साचे, तिथे अंदाजाला मोकळे रान; आणि गुरुवारी एक अखंड तुकडा, ज्यात कुठे धावायचे आणि कुठे थांबायचे हे आपण ठरवायचे. मार्गशीर्षात बारा ओळी होऊ लागल्या.

याच सुमारास दुसरा एक भ्रम फुटला. माझ्या आवडीचे एक दप्तर होते, सगळे एकाच कुळकर्ण्याच्या हातचे. त्याची अक्षरे मला इतकी सरावाची झाली की सहा ओळींत एखादी चूकही होईना. मी खूश होऊन दुसऱ्या हातचा कागद उघडला आणि पहिल्या तीन ओळींत अकरा चुका केल्या. मी मोडी शिकले नव्हते. एका माणसाचे हस्ताक्षर शिकले होते.

नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्योर्क यांचा २००८ मधला एक प्रयोग इथे तंतोतंत लागू पडतो. त्यांनी लोकांना बारा चित्रकारांची प्रत्येकी सहा निसर्गचित्रे दाखवली. काही चित्रकारांची लागोपाठ, काहींची सरमिसळ करून. नंतर न पाहिलेली चित्रे दाखवून ती कोणाची हे विचारले, तेव्हा सरमिसळ करून पाहिलेल्या चित्रकारांची शैली लोकांना अधिक ओळखता आली. गंमत पुढेच आहे: उत्तरे देऊन झाल्यावरही बहुतेकांना लागोपाठ पाहणेच अधिक फायद्याचे, निदान तितकेच चांगले, वाटत होते. सरमिसळीत माणूस सतत अडखळतो, आणि अडखळणे म्हणजे न शिकणे अशी आपली पक्की समजूत असते.

मी गुरुवारचा तुकडा तीन हातांच्या कागदांतून, प्रत्येकी चार ओळी, असा घेऊ लागले. पहिला महिना अपमानाचा गेला. खतावणीत चुका दुप्पट झाल्या आणि जुन्या दप्तराकडे परत जाण्याचा मोह रोज होत असे. पण महत्त्वाचा आकडा आता निराळा होता: कधीही न पाहिलेल्या हाताच्या पहिल्या चार ओळींत किती चुका. महिन्यातून एकदा, चौथ्या शनिवारी, गुरुजी मला असा एक कागद काढून देतात, आणि मी तेवढ्याच आकड्याला प्रगती समजते. तो अकरावरून सातवर, आणि वर्षाच्या अखेरीस चारवर आला. त्याखाली तो अजून गेलेला नाही.

आता एक अडचण उरते. अभ्यासपुस्तकातल्या कागदाचे उत्तर छापलेले असते. लोक पिशवीतून आणतात त्या कागदाचे नसते. चूक झाली हे सांगणारेच कोणी नसेल तर सराव कसला? गुरुजींची सर्वांत मोलाची शिकवण याबाबतची होती, आणि ती एका प्रत्यक्ष कागदावर मिळाली.

शेजारच्या वाडीतल्या एका काकूंनी त्यांच्या पणजोबांचे खत आणले होते. माडांच्या आगराचे खरेदीखत. मी पाच पहाटे घालवून त्याचे लिप्यंतर केले आणि काळ लिहिला: शके १८०५, विजयनाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमी. नेमकी दशकाच्या आकड्यावरून कागदाची घडी गेली होती, पण मला ते शून्य वाटले आणि मी वर्तुळही काढले नाही. गुरुजींनी लिप्यंतर वाचले, मूळ कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि म्हणाले, "हे जमत नाही." शक आणि संवत्सर एकमेकांशी बांधलेले असतात. शकात १२ मिळवून ६० ने भागायचे; बाकी उरेल तो प्रभवापासून मोजलेल्या संवत्सराचा क्रमांक. १८०५ आणि १२ मिळून १८१७, बाकी १७, म्हणजे सुभानु. विजय हे सत्ताविसावे संवत्सर. बाकी २७ यायची तर शक १८१५ हवा. मी भिंग घेतले. घडीच्या खाली जे मला शून्याची डावी बाजू वाटत होते तो एक होता. माघ महिना असल्यामुळे इसवी सन १८९४ उजाडले होते, म्हणजे माझे वाचन दहा वर्षांनी चुकले होते.

कागदातच त्याचे उत्तर कुठे कुठे दडलेले असते हे मी तेव्हापासून शोधू लागले. लिहून देणाराचे नाव आरंभी येते, मध्ये येते आणि शेवटी सहीपाशी येते. मी आता ते तिन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे, आधीचे झाकून, वाचते आणि मग ताडते. रक्कम आकड्यात असते आणि अक्षरीही असते. चतुःसीमेतली नावे गावच्या शेजारच्या खतांत उलट दिशेने येतात: माझ्या पश्चिमेला असलेला त्याच्या पूर्वेस मला लिहितो. आणि काही उत्तरे कागदाबाहेर असतात. काकूंच्या खतातली वाडी मला 'तळी' की 'नळी' हे ठरत नव्हते, तेव्हा मी रविवारी तिथे चालत गेले आणि पाण्याजवळच्या घरात एका आजींना विचारले. त्यांनी सांगितलेले नाव माझ्या दोन्ही अंदाजांत नव्हते.

या सगळ्याला साडेतीन वर्षे झाली. जे येत नाही तेही मोठे आहे. शिवकालीन वळण माझ्या आवाक्याबाहेर आहे. माझे सगळे डोळे उत्तर पेशवाई आणि इंग्रजी अमदानीच्या कागदांवर तयार झाले आहेत, आणि त्यामागचे वाचायचे तर पुन्हा चारपाच महिने साक्षीदारांच्या नावांपासून सुरुवात करावी लागेल. वाळवीने खाल्लेला कागद मी घेत नाही. कोर्टात जाणार असेल त्या कागदाचे लिप्यंतर देत नाही, गुरुजींकडे पाठवते. पहाटेच्या चाळीस मिनिटांची किंमत म्हणून रात्री नऊनंतरचे घरातले हसणेखिदळणे मला बरेचसे सोडावे लागले, आणि ते मला आवडलेले नाही.

गेल्या चौथ्या शनिवारी गुरुजींनी नेहमीप्रमाणे एक अनोळखी कागद काढून दिला, झेरॉक्सच होती. चार ओळी मी लिहून काढल्या. तिसऱ्या ओळीत एका बाईचे नाव होते, तीन अक्षरांचे. मधले अक्षर त असेल किंवा न असेल, किंवा ती नुसती वेलांटीची फेक असेल. दोन्ही प्रकारे नाव होत होते. मी ते लिहिले नाही, टिंबे दिली आणि भोवती वर्तुळ काढले. गुरुजींनी वही घेतली, झेरॉक्स खिडकीकडे धरली, भिंगातून पाहिली, मग उठून आतून मूळ कागद आणला आणि तोही उजेडात तिरपा करून पाहिला. बराच वेळ गेला. आतून चहा आला आणि निवला. शेवटी त्यांनी माझी पेन्सिल मागून घेतली आणि माझ्या वर्तुळाबाहेर आणखी एक वर्तुळ काढले.